हिराबाईचे नऊ ते पाच

कुणकेश्वरच्या किनाऱ्यावर राहणारी हिराबाई समुद्राला कधी भ्याली नाही. नवरा गुरुदास होडीवरचा तांडेल, म्हणजे म्होरक्या. वादळात त्याची होडी दोन दिवस परतली नव्हती, तेव्हाही ती वाळूवर उभी राहून लोकांशी नीट बोलत होती. पण विजेचं बटण दाबायचं म्हटलं की तिचे हात गार पडायचे.

याला कारण होतं. ती जन्मली तेव्हा, साठ सालाच्या आसपास, त्यांच्या वाडीत वीज नव्हती. रॉकेलच्या दिव्यावर सगळं चालायचं. वीज आली तेव्हा हिरा तेरा वर्षांची होती, आणि दुसऱ्याच पावसाळ्यात तिची आई यशोदा कपडे वाळत घालताना ओल्या तारेला चिकटली. कपड्यांची ती तार दिव्याच्या खांबाला बांधलेली होती. शेजाऱ्याने कोरड्या वल्ह्याने तार तोडली म्हणून आई वाचली, पण उजव्या हाताची बोटं जन्मभर आत वळलेलीच राहिली. त्या हाताने आई मासे कशी कापायची ते हिराने रोज पाहिलं होतं.

लग्नानंतर घरातली सगळी बटणं गुरुदासने सांभाळली. पंखा, पंप, पुढे न्हाणीघरातला गिझर, जे काही विजेचं असेल ते त्याच्याकडे. होडीचं इंजिन तो स्वतः खोलायचा, तशीच घरातली वायरही त्यानेच ओढली होती. पहाटे गिझर तो लावायचा आणि तोच बंद करायचा. हिराबाई म्हणायची, "तुमी आसास म्हणान माका ह्या घरात भिया नाय."

दोन वर्षांपूर्वी गुरुदासला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. तोंडातून एकच शब्द नीट यायचा, "नको." पेज हवी असली तरी नको, डोळ्यांवर ऊन आलं तरी नको. डोळ्यांकडे बघून अर्थ लावायचा, आणि तो लावायला हिराबाई हळूहळू शिकली.

अंथरुणावरच्या माणसाचे कपडे फार होतात. चादरी, धोतरं, पुसायची फडकी. तळेऱ्याला दिलेली लेक प्रेमलता कपडे धुण्याचं मशीन घेऊन आली. पाणी स्वतःच तापवून धुणारं होतं, कारण दवाखान्यातल्या नर्सने चादरी गरम पाण्यात धुवा म्हणून सांगितलं होतं. हिराबाईने बटणं शिकून घेतली. हात कोरडे करायचे, पायांत रबरी चपला, पायाखाली पाट, मग बटण. पहाटे आणि रात्री अंघोळीच्या पाण्यासाठी गिझर, संध्याकाळी मशीन. भीती गेली नव्हती, पण दिवस जात होते.

मग वीज कंपनीची माणसं येऊन जुना मीटर काढून नवा लावून गेली. वाडीत लगेच बातमी पसरली की हा मीटर तास मोजतो, आणि पाच वाजल्यानंतर पैसे दुप्पट लागतात. हिराबाईची झोप उडाली. लेकीला फोन करून म्हणाली, "प्रेमा, ह्यांका पाच वाजल्यावर अंथरुणात ओला ठेवू काय गो?"

प्रेमलता रविवारी आली. पतपेढीत हिशेबाचंच काम करत असल्यामुळे दर वगैरे ती बघूनच आली होती.

"आये, दुप्पट नाय. कायच वाढत नाय. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच ह्या वेळात वापरलेल्या युनिटाक ऐंशी पैशे कमी. बाकीच्या वेळात आदी होतो तोच दर."

"मगे दिवे?"

"दिवे रात्रीच लाव. दिव्यांक वीज लागता ती कितीशी? गिझर आणि मशीन खातत. ती दोनच दिवसा कर."

तिने कागदावर मांडून दाखवलं. गिझर दोनदा लागतो, त्याचे साधारण दोन युनिट. मशीनचे दोन घाणे, पाणी तापवून, तेही दोन. दिवसाचे चार, महिन्याचे एकशे वीस. ऐंशी पैशांनी शहाण्णव रुपये.

"म्हणजे शंभराच्या आत," प्रेमलता म्हणाली. "ह्या बाबांच्या मलमाचे पैशे झाले. पण शहाण्णव तेव्हाच, जेव्हा सगळेच युनिट दिवसा पडतीत."

हिराबाईला शंभर रुपयांपेक्षा दुसरीच गोष्ट जास्त पटली. दिवसा शेजारपाजार जागा असतो. पहाटे अंधारात एकटीने बटणाला हात लावायची पाळी येणार नाही. म्हणून तिने आपल्या मनाने एक भर घातली आणि ती लेकीला सांगितली नाही. आठ तासांत चार वेळा बटणं कशाला दाबायची? अकरा वाजता पलीकडची बाबली अंगणात मासे वाळवायला बसते. तेव्हाच गिझर आणि मशीन एकदम लावायचं, बाबलीला हाक मारून ठेवायची, म्हणजे भीती एकदाच. दुसऱ्या खेपेलाही दुपारी तसंच.

पहिल्या दिवशी अकरा वाजता दोन्ही बटणं दाबून ती बाहेर आली आणि गुरुदास खाटेवरून ओरडला, "नको. नको."

तिला वाटलं, पाठ अवघडली असेल. कूस बदलून दिली. तो ओरडतच राहिला. डावा हात उचलून न्हाणीच्या दिशेला, मग भिंतीवरच्या लाकडी बोर्डाकडे, मग पुन्हा न्हाणीकडे. तिला वाटलं, अंघोळ नको म्हणतो.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही. अकरा वाजले की त्याचे डोळे मोठे व्हायचे, कपाळावर घाम यायचा. हिराबाईला नवीन भीती लागली की ह्यांना दुसरा झटका तर येत नाही ना? तिने डॉक्टरांना बोलावलं. रक्तदाब ठीक होता. डॉक्टर म्हणाले, "घाबरताहेत कशालातरी. बोलता येत नाही ना." ते गेल्यावर हिराबाई खाटेशी बसली. "काय झाला? माका सांगा. कशाक भितास?" गुरुदास तिच्याकडे बघत राहिला आणि त्याच्या एका डोळ्यातून पाणी आलं. इतकी वर्षं त्या माणसाला तिने घाबरलेलं पाहिलं नव्हतं. त्या रात्री तीसुद्धा जागीच होती.

आठव्या दिवशी सव्वाअकराला तिला वास आला. आधी वाटलं, बाबलीच्या सुक्या माशांचा. पण हा वास रबराचा होता. ती आतल्या खोलीत गेली. खाटेच्या डोक्याशी असलेल्या लाकडी बोर्डातून, जुन्या बटणांच्या फटींतून, बारीक धूर येत होता. वायरवरचं कवच वितळून पट्टीखाली ओघळलं होतं. मच्छरदाणीची दोरी बोर्डाशेजारच्याच खुंटीला होती. तिच्या डोळ्यांदेखत आत काहीतरी तडतडलं, ठिणगी पडली आणि मच्छरदाणीला तांबडं भोक पडून ते पसरायला लागलं.

गुरुदास जागचा हलू शकत नव्हता. हिराबाईने पहिली झेप मारली ती मच्छरदाणीवर. दोन्ही हातांनी ओढून ती खाली पाडली आणि पायांनी चुरगाळली. तळवा भाजला, तिला ते कळलं नाही. बोर्डातून आता ज्वाळ दिसत होती. ती न्हाणीत धावली, भरलेली बादली उचलून आली आणि फेकण्यासाठी हात मागे नेला.

"नको."

ओरडून नाही, अगदी हळू आणि स्पष्ट. तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याचा डावा हात बादलीकडे होता. मग तो ओटीकडे वळला, जिथे मेन स्विचची लोखंडी पेटी होती, आणि मूठ खाली ओढल्यासारखी केली.

तेवढ्यात तिला आईची बोटं दिसली. पाणी आणि तार. बादली तिने खाली ठेवली.

ओटीवर त्या पेटीपुढे ती किती वेळ उभी राहिली ते तिला सांगता येत नाही. आपल्या अंगणातून ते पाहिलेली बाबली म्हणते, क्षणभरच. हिराबाईला वाटतं, खूप वेळ. त्या दांड्याला तिने आयुष्यात हात लावला नव्हता. हात ओले होते. पदराने पुसले. पुन्हा पुसले. पायांत चपला नव्हत्या. मशीनजवळचा पाट दूर होता, म्हणून भात पाखडायचं सूप जमिनीवर टाकून त्यावर उभी राहिली. आत तो खोकत होता. तिने डोळे मिटले आणि दांडा खाली ओढला.

घरात एकदम शांतता पसरली. मशीन थांबलं. ती पुन्हा आत धावली, जाताना अंगणातली कोरडी वाळू टोपलीत भरून घेतली आणि बोर्डावर फेकली. तीन टोपल्यांत आग विझली. तोवर बाबली चार माणसं घेऊन आली होती. त्यांनी गुरुदासला खाटेसकट अंगणात आणलं.

वायरमन सत्यवान दुपारी आला. पेटी उघडून फ्यूज काढून हातावर घेतला.

"काकी, ही तार बघितलास? फ्यूजची तार केसासारखी बारीक असता. जास्त वीज ओढली की तीच वितळता नि सगळा बंद पडता. हंय जाड तांब्याची तार घातलेली आसा. ही वितळणार नाय. हिच्या आदी घर जळात."

"कोणी घातल्यान?"

उत्तर अंगणातून आलं. गुरुदासने डावा हात उचलून आपल्या छातीवर ठेवला. गणपतीत दिव्यांच्या माळा लावल्या की फ्यूज सारखा जायचा, म्हणून कधीतरी त्याने ती जाड तार घातली होती.

सत्यवान म्हणाला, "गिझर नि मशीन एकाच लाइनीवर. ती वायर एकाचाच वजन सोसता. आदी पहाटे एक, सांजेक दुसरा, म्हणान निभावला. तुमी आता दोन्ही एकदम लावलास. जुनो जोड तापत गेलो."

हिराबाई खाटेशी जाऊन खाली बसली. आठ दिवस हा माणूस तिला हेच सांगत होता. तिने कूस बदलून दिली होती, अंग चोळलं होतं, डॉक्टर आणला होता. तिला वाटलं, ती आता मोठ्याने रडेल. पण तिने फक्त त्याचा डावा हात हातात घेतला.

नवीन वायरिंग चार दिवस चाललं. गिझरला वेगळी जाड वायर, मशीनला वेगळी, आपोआप पडणारे खटके, आणि कुणाला शॉक बसला तर क्षणात वीज तोडणारा एक. प्रेमलता चारही दिवस येऊन राहिली. तिने नवीन कागद केला. साडेनऊला गिझर, अर्ध्या तासाने बंद. अकराला मशीन. दोनला दुसरा घाणा. चारला गिझर. सगळं नऊ ते पाचच्या आत, पण एका वेळी एकच.

"वायरिंगचे पैशे त्या शहाण्णवांत फिटाक किती वर्सां लागतीत?" हिराबाईने विचारलं.

"त्याचो हिशेब करू नको," प्रेमलता म्हणाली. "ता घर वाचवण्याचा आसा. बिलाची गोष्ट वेगळी."

पहिल्या पूर्ण महिन्याचं बिल आलं तेव्हा दिवसाच्या वापराची सूट त्र्याण्णव रुपये निघाली. तीन रुपये कमी, कारण चार रात्री त्याला ताप होता आणि तिने गिझर रात्रीच लावला होता. लेकीने ते बोलून दाखवल्यावर हिराबाई म्हणाली, "लावूचोच होतो," आणि विषय संपवला.

भीती गेली का, असं विचारलं तर ती नाही म्हणते. अजून ती हात दोनदा पुसते, पाटावर उभी राहते. फरक एवढाच की आता बटण दाबण्याआधी ती दारातून खाटेकडे बघते. तो काही बोलला नाही तर दाबते. परवा दोन वाजता ती मशीन लावायला निघाली आणि तो म्हणाला, "नको." ती मागे फिरली, न्हाणीत जाऊन पाहिलं, गिझर बंद होता. बोर्डावर हात ठेवून पाहिला, थंड. मग खाटेशी येऊन त्याच्या डोळ्यांत बघितलं. त्याला पाणी हवं होतं.

तिने पेला त्याच्या ओठांना लावला, तो पिईपर्यंत थांबली, आणि सव्वादोनला मशीन लावलं.