बिनधुराचं घर

सहा महिने घर बंद ठेवायचं म्हणजे कुलूप लावून किल्ली खिशात टाकणं नव्हे. नाशिकच्या फ्लॅटवाल्यांना हे सांगितलं की ते म्हणतात, "मग, आम्हीपण फिरायला जातो की, कोपऱ्यात डांबरगोळ्या टाकतो." फिरायला! आमचा पाडा हरसूलच्या वरच्या अंगाला. भात कापून झालं, दिवाळी आटोपली की अर्धाअधिक पाडा ओझरकडच्या द्राक्षबागांत मजुरीला जायचा आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आसपास परत यायचा. फिरायला कुणी जात नव्हतं. पाऊस संपला की आमच्या डोंगरावर हाताला काम नव्हतं, आणि ते असावं असं सरकारात कुणालाही वाटत नव्हतं.

जाण्याआधीचा आठवडा घराच्या बंदोबस्तात जायचा. घरात खाण्याजोगं काही ठेवायचं नाही. काही म्हणजे काहीच नाही, अंगाचा साबणसुद्धा नाही, कारण उंदीर साबण खातो. भांडी धुवून पालथी घालायची. गोधड्यांची वळकटी करून आढ्याला तारेने टांगायची; सुंभाने टांगली तर उंदीर सुंभावरून उतरतो. बिळांत काचेचे तुकडे ठेचून वर माती लिंपायची. मोरीचं भोक बुजवायचं. खांबांच्या बुडाशी राख टाकायची. आणि शेवटी कणगी, म्हणजे बांबूची उंच विणलेली टोपली, आतून-बाहेरून शेणामातीने लिंपून त्यात बियाण्याचं भात भरायचं. त्यात राख आणि सावलीत वाळवलेला निर्गुडीचा पाला. तोंडावर पुन्हा शेणाचा लिंपा.

एवढं करूनही घर वाचत नाही. घर वाचवतो धूर. आमच्या भिंती कारवीच्या काठ्यांच्या, वर लाकडाचे वासे. रोज चूल पेटते तोवर धूर वाशांत, कारवीत, कणगीत मुरतो आणि भुंगा लागत नाही, वाळवी वर चढत नाही. चूल विझली की घराला कीड लागायला सुरुवात होते. म्हणून पाड्यात रिवाज होता: गल्लीतलं एक माणूस मागे राहायचं आणि बंद घरांच्या चुली आळीपाळीने पेटवायचं.

आमच्या गल्लीत ते माणूस म्हणजे माझी आत्या. बाची थोरली बहीण, नवरा लवकर गेलेली, मूलबाळ नाही. चार घरांच्या किल्ल्या तिच्या कमरेला. आज या घरात, उद्या त्या घरात, ओलसर काटक्या आणि शेणी घालून धुपत ठेवायची. सहा महिने एकटी. तापाने पडली तर पाणी द्यायला कुणी नाही.

दोन हजारच्या आसपासची गोष्ट. मी बारावी होऊन नाशिकला एका संघटनेत काम करू लागलो होतो. तिथे मला पत्रक लिहायला शिकवलं. पहिलं वाक्य कानाखाली बसलं पाहिजे, शेवटचं मागणी करणारं हवं, आणि मध्ये "कदाचित" हा शब्द नको. सुट्टीत घरी आलो, आत्याच्या कमरेच्या किल्ल्या पाहिल्या आणि माझं रक्त उसळलं. पत्रक लिहिलं: "उंदरांच्या राखणीला माणूस ठेवणारा समाज!" खाली उपाय: हवाबंद साठवण. कीड हवेवाचून मरते. शेतीच्या एका पुस्तिकेत मी ते वाचलं होतं आणि ते खोटं नव्हतं. त्याच पानावर खाली धान्य किती कोरडं हवं ते दिलेलं होतं. ते मी पत्रकात घेतलं नाही. पत्रकात जागा कमी असते.

त्या साली मी नाशिकहून निळा प्लॅस्टिकचा ड्रम आणला. झाकणाला रबर, वर लोखंडी कडं. एसटीच्या टपावर टाकून आणला आणि ओटीवर उभा केला तेव्हा बा त्याच्याभोवती एक फेरी मारून म्हणाला, "यात बसून कोण जायचं, तू का मी?"

"यात बियाणं राहील, बा. उंदराच्या बापालाही उघडायचं नाही. आणि आत्या आपल्याबरोबर येईल."

आत्या दारातच बसली होती. "मी? मी कशाला येऊ? तिकडं द्राक्षं खायाला?"

"तू इथे एकटी मरशील एक दिवस."

"मग तिकडं काय चौघांत मरू? मेलं तर मेलं. चुली कोण पेटवील?"

"चुलीची गरजच नाही आता."

"असं व्हय," ती म्हणाली. "तुझं पत्रक वाचून उंदीर पळत्यात का रं?"

आई हसली. मला राग आला. मी आत्याला शोषण म्हणजे काय ते समजावून सांगितलं. तिलाच, तिच्याच दारात. तिने ऐकून घेतलं आणि सुपातलं भात पाखडत राहिली.

बागायतदाराची गाडी त्या वेळी चार दिवस आधी आली. भाताला दोनच उन्हं मिळाली होती. सकाळी दव इतकं पडायचं की दहापर्यंत खळं ओलंच. आत्याने एक दाणा दाताखाली धरला आणि मला तोंडातला आवाज ऐकवला, म्हणजे न झालेला आवाज. "कट्ट वाजला पायजे. ह्यो दबतोय. आजून दोन उन्हं दे त्याला."

"दरवर्षी देतेस का?"

"दरसाल कणगीत जातं. कणगी दम घेते, वर धूर असतो, वाळत ऱ्हातं ते." मग तिने तडजोड मागितली. "आरधं कणगीत ठिऊ. आरधं तुझ्या पिपात."

मी नाही म्हणालो. कणगीत ठेवायचं तर चूल पेटवायला माणूस हवं, आणि माणूस ठेवायचंच नाही हाच तर मुद्दा होता. शिवाय निर्गुडीचा पाला वाळलेला नव्हता. मी झाडावरून कडुनिंबाचे ओले डहाळे तोडून आणले, थरावर थर घातले, झाकण दाबलं, कडं आवळलं. बियाणं होतं हळव्या भाताचं, लवकर निसवणारं. आमची वावरं उथळ, डोंगराच्या पोटाला. पाऊस लवकर सरला तरी ते भात पदरात पडायचं. ते दुकानात मिळत नसे. आत्याने ते सासरहून आणलं होतं आणि दरसाल लोंब्या निवडून राखलं होतं. गल्लीतल्या इतर घरांतही तिच्याकडूनच नेलेलं तेच होतं; आमचं सगळंच्या सगळं माझ्या ड्रमात गेलं.

बाकी तीन घरांनी किल्ल्या परत घेतल्या. आत्याच जात असेल तर करणार काय? त्यांनी कणग्या लिंपल्या, कुलपं घातली.

ओझरजवळ बागेच्या बांधाला ताडपत्रीचं पाल. वरून विमानं जायची, खाली औषधाची फवारणी. आत्याला खोकला लागला. तिला हलकं काम दिलं होतं, खाली गळलेले मणी वेचायचं. मी पंधरा दिवसांनी भेटायला जायचो. ती मला तब्येतीचं काही सांगायची नाही. विचारायची, "तिकडं आज ढग हाय का रं?" ढग म्हणजे दमट हवा, दमट हवा म्हणजे वाळवी. मी म्हणायचो, आता विसर ते. तिला माणसात आणलं म्हणून मी नाशिकच्या बैठकीत तिचं उदाहरण दिलं होतं. टाळ्यासुद्धा मिळाल्या.

आखाजीला आम्ही परतलो. दार ढकललं तर ते अडलं. आतून वास आला, कोंदट, उंदराच्या मुताचा. मोरी आम्ही बुजवली होती. ते कौलांतून उतरले होते. मधल्या खांबावर मातीच्या बोटभर जाड नळ्या, बुडापासून आढ्यापर्यंत. बाने विळ्याचं टोक लावलं आणि खांबाच्या सालीखाली ते भसकन आत गेलं. कारवीच्या भिंतीतून पिवळा भुसा गळून खाली ढीग झाला होता. हात लावला की काठी वाजायची, पोकळ. मी ड्रमकडे पाहत होतो. ड्रमाला एक ओरखडा नव्हता.

कडं मीच काढलं. झाकण सुटलं तसा आंबूस, गरम वास तोंडावर आला. वरचा पाला काळा, चिकट. खाली भाताचे गोळे, हिरव्या-काळ्या बुरशीने बांधलेले. आत्याने कोपरापर्यंत हात घातला आणि मधलं भात काढलं. ते दिसायला बरं होतं. तिने पंचवीस दाणे मोजून ओल्या फडक्यात बांधले आणि माठाशेजारी ठेवले.

तो आठवडा मी घरी राहिलो. तशी कामं पुष्कळ होती नाशिकला. ती रोज फडकं भिजवायची, उघडायची नाही. चौथ्या दिवशी सकाळी उघडलं. दोन दाण्यांना पांढरं टोक फुटून तिथेच काळं पडलं होतं. बाकी तेवीस जसेच्या तसे, फुगलेले. तिने पुन्हा पंचवीस बांधले, ड्रमाच्या बुडातले. त्यातला एकही फुटला नाही.

"गेलं," ती म्हणाली. एवढंच.

तिने शिव्या द्यायला हव्या होत्या. मला निदान भांडता आलं असतं.

इतर तिन्ही घरांत कणग्या फोडल्या तेव्हा भाताची करडी पाखरं धुरळ्यासारखी उठली. दाण्यादाण्याला भोक, आत पीठही शिल्लक नाही. आत्या असती तर धुराने ती पाखरं बसलीच नसती. हळव्या भाताचा दाणा कुणाकडेच उरला नाही. शेजारची काकू माझ्यासमोर येऊन म्हणाली, "वाच की आता पत्रक. पाखरांना वाच." आणि सूप आपटून निघून गेली.

बाने दुकानातून पिशवीतलं बियाणं आणलं. पिशवीवर हसरा शेतकरी. भात हिरवंगार आलं, उंच आलं, आणि लोंबी बाहेर पडायच्या आधी, ते पोटरीत असताना, पाऊस गेला. खालच्या पाणथळ वावरांना ते चाललं असतं. आमच्या उतारावर लोंब्या पोचट राहिल्या. कापून झोडलं तेव्हा सुपातून उडालं ते जास्त, राहिलं ते कमी. खायला दोन महिनेही पुरणार नव्हतं, बियाण्याला ठेवण्यासारखं त्यात काही नव्हतं. आई आसपासच्या पाड्यांत जुनं बियाणं विचारून आली. सगळीकडे पिशवीच होती.

दिवाळी झाली. घर आवरायचा आठवडा आला. मी मुद्दाम आलो होतो. आत्याला मागे राहायचं असेल तर मी आडवा येणार नाही, किल्ल्या मीच मागून आणीन, असं ठरवून. रात्री बसमध्ये वाक्यंसुद्धा जुळवली होती. बाने आधीच विषय काढला.

"अक्का, तू काय करतीस औंदा?"

"काय करू?"

"ऱ्हायचं आसंल तर ऱ्हा. पर राखायचं काय हाय आता?"

आत्याने कणगीकडे पाहिलं नाही, भिंतीकडेही नाही. "आत्या, तू राहा," मी म्हणालो. "तुझी चूल, तुझं घर. मी चुकलो."

"चुकलास तर चुकलास," ती म्हणाली. "धूर कशाला करू? लाकडं फुकाट जातील."

पूर्वी ज्याला आठवडा लागायचा ते त्या दिवशी तासाभरात झालं. गोधड्या टांगल्या नाहीत, बरोबरच घेतल्या. बिळं बुजवली नाहीत. खांबांना राख टाकायला आई गेली तर आत्या म्हणाली, "ऱ्हाऊ दे." गाडीचा हॉर्न वाजला. बाकीचे अजून बोचकी बांधत होते आणि आत्या सगळ्यांच्या आधी जाऊन मागच्या फळीवर बसली होती, दाराकडे पाठ करून, खोकत.

बाने दार ओढलं. ते नीट लागलं नाही, चौकट एका अंगाने खचली होती. त्याने खांद्याने ढकललं, मग सोडून दिलं, आणि तसंच कुलूप अडकवलं.