बाबांच्या मोबाइलवरची पाच खाती

आमच्या कोरीट गावच्या घरात पाच बँक खात्यांना एकच मोबाइल नंबर लावलेला होता, माझ्या सासऱ्यांचा. दोन खाती घरची, दोन शेजारच्यांची आणि एक आमच्या शेतावर राहून काम करणाऱ्या बाईचं. ती धडगावकडची. तिच्याकडे मोबाइल नव्हता, म्हणून खातं उघडताना बाबांनी मोठ्या मनाने स्वतःचा नंबर दिला. या मोठ्या मनाचा मला आजही राग येतो.

कापूस वेचणीचे दिवस होते. सकाळी बाबा मोबाइल हातात धरून ओट्यावर आले, तोंड उतरलेलं. व्हॉट्सअ‍ॅपवर बँकेचं चिन्ह लावलेला मेसेज होता: ‘आपले खाते ब्लॉक करण्यात आले आहे. केवायसीसाठी आजच सोबतची फाईल उघडा.’

“खातं बंद व्हयी गयं म्हणस,” बाबा म्हणाले, “पण कोनं?”

पाचांपैकी कोणाचं, हे फाईल उघडून बघावं म्हणून त्यांनी बोट पुढे केलंच होतं. मी मोबाइल हिसकावला. सासऱ्यांच्या हातातून, सगळ्यांदेखत.

“बाबा, त्या फाईलले हात नका लावा!”

ते चिडले. “माले काय समजस नही का?”

मग मी त्यांना शेजारी बसवून दाखवलं. मेसेज दहा आकडी साध्या नंबरवरून आलेला. माझ्या मोबाइलवर आलेले बँकेचे जुने एसएमएस काढले, तर तिथे नंबराऐवजी बँकेचं छोटं नाव आणि मजकुरात खात्याचे शेवटचे चार आकडे. या मेसेजात एकही आकडा नाही. ज्याला खातंच माहीत नाही तो ते ब्लॉक कसं करणार? आणि ती फाईल म्हणजे एक अ‍ॅप होतं. ते मोबाइलमध्ये शिरलं असतं, तर येणारा प्रत्येक ओटीपी त्या चोराला वाचता आला असता. एका बोटाने पाच खाती साफ झाली असती.

तरी खात्री हवीच होती. पासबुकावर छापलेल्या शाखेच्या नंबरवर चार वेळा फोन लावला, कोणी उचलला नाही. मग बाबा आणि मी पाचही पासबुकं घेऊन नंदुरबारला शाखेत गेलो.

खिडकीतल्या साहेबांनी मेसेज बघितला. “फसवणूक आहे. फाईल उघडली नाहीत ना? नंबर रिपोर्ट करा, ब्लॉक करा, सायबर हेल्पलाइनला कळवा.” मग एकेक खातं तपासलं. चार चालू. पाचव्यापाशी ते थांबले.

“हे मात्र खरंच बंद आहे. केवायसीची मुदत संपली. पैसे काढता येणार नाहीत.”

ते शेतावरच्या बाईचं होतं.

“कळवलं नाही?” मी विचारलं.

“तीन एसएमएस गेलेत, या नंबरवर.”

बाबांनी मान खाली घातली. इंग्रजी मेसेज आला की जाहिरात समजून न वाचता पुसायचा, ही त्यांची सवय. तिन्ही मेसेज इंग्रजीत. माझं डोकं फिरलं. चोर आमच्याशी स्वच्छ मराठीत बोलतो आणि बँक इंग्रजीत! आमच्या माणसाला काय कळतं याची काळजी लुटणाऱ्याने घ्यावी आणि सांभाळणाऱ्याने घेऊ नये? हे मी मोठ्याने बोलले. साहेब म्हणाले, “मॅडम, ते वरून येतं.”

पण बँकेवर ओरडून मी सुटत नव्हते. महिनाभर ती बाई गावातल्या अंगठ्याच्या मशीनवर पैसे काढायला जात होती आणि रिकाम्या हाताने परतत होती. “कापूस वेचून अंगठा घासाई गया तुन्हा,” असं आम्हीच तिला सांगितलं होतं. मीसुद्धा. ती रोज अंगठ्याला खोबरेल चोळत होती. तिच्या मुलीचं नर्सिंगचं शिक्षण लोणखेड्याला चाललं होतं आणि फी भरायचा शेवटचा दिवस परवावर आला होता.

तिला स्वतः यावं लागणार होतं. आम्ही परत गेलो, आधार कार्डासकट तिला घेऊन आलो. वाटेत सगळं सांगितलं. ती बाबांच्या मोबाइलकडे बघत राहिली.

साहेबांनी फॉर्म भरायला घेतला. “उद्या दुपारपर्यंत खातं सुरू होईल. मोबाइल नंबर तोच ठेवायचा?”

“हो,” म्हणत बाबा आपला नंबर सांगू लागले. चार आकडे झाले असतील.

“नही,” ती म्हणाली. बाबांसमोर ती इतक्या वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने बोलली. “मन्ही पोरना नंबर लिखा. ती मन्हा मेसेज पुसत नही.”