पाच अँपियरची सीटी

चूक माझी होती. ती दुसऱ्याच्या माथी मारली, तीही मीच.

मी पांढरकवड्याकडच्या एका वीज उपकेंद्रात चाचणी अभियंता होतो. कापसाची ती वाईट वर्षं. बोंडअळीतून जे वाचलं ते सरकी काढायला जिनिंगच्या कारखान्यात येत होतं, आणि जिनिंगच्या वाहिनीवरच्या सीटी नेमक्या तेव्हा जळाल्या. सीटी म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर. तारेतला मोठा प्रवाह प्रमाणात लहान करून तो नियंत्रण कक्षातल्या रिलेला दाखवतो. प्रवाह बेसुमार वाढला की रिले ब्रेकर पाडतो, म्हणजे वाहिनीचा पुरवठा तोडतो. जुन्या सीटी रिलेकडे एक अँपियर देणाऱ्या होत्या. भांडारात पाच अँपियरच्या पडून होत्या. आमच्या रिलेला एक आणि पाच, दोन्हींसाठी जोडण्या होत्या. "पाच लावा," मी म्हणालो. पाच अँपियर म्हणजे दणकट, अशी माझी समजूत. वाहिनी संध्याकाळच्या आत सुरू झाली आणि माझं कौतुकही झालं.

पुढे एका दुपारी उपकेंद्राजवळच इन्सुलेटर फुटून तार खांबाच्या लोखंडी आडव्या आर्मवर आली. जिनिंगचा ब्रेकर पडायला हवा होता, पण त्याचा रिले रेंगाळला. तोवर मागचा मुख्य ब्रेकर पडला आणि सगळा भाग बंद झाला.

चौकशीच्या दिवशी मी कक्षात रिलेच्या मागे प्रवाह सोडून दाखवला. रिले अचूक चालला. मग उरला ड्यूटीवरचा ऑपरेटर. रिलेचा आदेश ब्रेकरपर्यंत नेणारी ती ट्रिपची लिंक; वाहिनी सारखी पडू नये म्हणून ती काढून ठेवायची खोड काही ठिकाणी होती. मी सगळ्यांसमोर विचारलं, "भाऊ, लिंक काढली होती ना? नंतर लावली?"

ते माझ्यापेक्षा वयानं मोठे, केळापूरचे. शांतपणे म्हणाले, "लिंक लावलेलीच होती, साहेब. मी कायले काढू? जिनिंगवाला माह्या सोयरा हाय का?"

कोणीतरी हसलं. मी अहवालात लिहिलं: रिले निर्दोष, लिंक उघडी असण्याची शक्यता. त्यांची बदली ढाणकीकडे झाली. तिथंही लोक त्यांना 'लिंकवाले' म्हणत, हे माझ्या कानावर येत होतं.

नंतर त्याच वाहिनीवर तसंच पुन्हा घडलं. ड्यूटीवर दुसरा माणूस होता, आणि लिंक लावलेली मी सकाळीच स्वतः पाहिली होती.

आम्ही चाचणी नेहमी कक्षातूनच करायचो. पंखा असतो, खुर्ची असते. त्या दिवशी पहिल्यांदा मी उपकरण उचलून उन्हात, यार्डाच्या पार टोकाला, सीटीच्या पेटीपाशी नेलं. तिथून रिलेच्या दिशेनं पाच अँपियर सोडले आणि व्होल्टमीटर पाहिला. अकरा व्होल्ट. रिले स्वतः जवळपास काहीच घेत नव्हता. हे सगळं सीटीपासून कक्षापर्यंतच्या त्या लांब, बारीक तारेच्या जाण्यायेण्यातच खर्च होत होतं. अकरा गुणिले पाच, म्हणजे पंचावन्न व्होल्ट-अँपियरचा भार. सीटीच्या पाटीवर लिहिलेली मर्यादा होती पंधरा.

तारेतला भार प्रवाहाच्या वर्गानं वाढतो. त्याच तारेत एक अँपियर असता तर भार जेमतेम दोनवर राहिला असता. रोजच्या प्रवाहात हे कळत नाही. बिघाडाच्या वेळी प्रवाह कित्येक पट होतो, सीटीला तो तारेतून रेटता येत नाही, तिचा लोखंडी गाभा संपृक्त होतो, म्हणजे आणखी चुंबकत्व घेऊ शकत नाही, आणि रिलेला खऱ्यापेक्षा फार कमी दिसतं. म्हणून तो रेंगाळतो. मुख्य ब्रेकरच्या सीटी एक अँपियरच्याच होत्या. म्हणून त्याच्या रिलेला नीट दिसलं. मी रिलेपाशी प्रवाह सोडत होतो, तेव्हा ती तार आणि सीटी चाचणीत नव्हत्याच.

एक अँपियरच्या सीटी मागवल्या, बसवल्या, पेटीपासून तपासल्या. आजही मी कुठेही सीटी निवडताना आधी तारेची लांबी विचारतो, आणि याबाबत कोणाचं ऐकत नाही. दुरुस्तीचा अहवाल वर पाठवला. भाऊंना परत आणण्याची शिफारस केली, ती मान्य झाली. मग ढाणकीला गेलो.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चहा पाजला.

"म्हंजे तार लांब होती," ते म्हणाले.

"तार आधीपासून तेवढीच होती, भाऊ. निवड माझी चुकली."

"अन् नाव माह्यं खराब झालं." कप खाली ठेवत म्हणाले, "इथं एकट्यात कायले सांगून राह्यले, साहेब? तवा तं समद्यायसमोर बोलले होते."

ते बरोबर होतं. ते परत रुजू झाले त्या सकाळी दोन्ही पाळ्यांची माणसं नियंत्रण कक्षात होती. त्या वेळी हसलेला माणूसही होता. मी त्याच पॅनेलसमोर उभा राहिलो.

"लिंक लावलेली होती," मी म्हणालो. "भाऊ खरं बोलत होते. पाचची सीटी मी निवडली, तार मी मोजली नाही, आणि तपासणी अर्धी करून दोष यांच्यावर ढकलला. भाऊ, मी तुमची माफी मागतो."