आठातला एक

पिंगळी स्टेशनजवळचा कापसाचा कारखाना १९८४ च्या मार्चात बंद पडला. रायभान तेव्हा पन्नास वर्षांचा होता. सत्तावीस हंगाम त्यानं कापसाच्या गाठी दाबायच्या प्रेसवर काढले. एक गाठ बांधून झाली की डाव्या कोनाड्यातला एक खडा उजव्या कोनाड्यात टाकायचा, ही तिथली रीत. मान वळवावी लागत नसे, हात आपोआप जाई. संध्याकाळी खडे मोजले की गाठी कळत. रायभानचा खडा कधी चुकला नाही.

शेवटच्या दिवशी कारकून दिनकररावांनी पन्नाशीच्या आठ जणांना ओसरीवर बसवलं. कारखान्यानं त्यांच्या पेन्शनीसाठी विमा कंपनीत पैसा भरला होता. वयाची अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर महिना शंभर रुपये, जिवंत असेपर्यंत. ते नको असेल तर आजच रोख चार हजार ब्याऐंशी.

"सालाला बाराशे," येडबा म्हणाला. रायभानचा प्रेसवरचा जोडीदार तो. "तुमचे चार हजार चार सालांतच फिटले की, दिनकरराव!"

"मिळायला कधी लागणार ते बघा ना. अठ्ठावन्नाव्या वर्षी या पेन्शनीची किंमत दहा हजार धरलीय. ते दहा हजार व्हायला आज चार हजार सहाशे पासष्ट पुरतात. दहा टक्के व्याज, त्यावर व्याज, आठ वर्षं."

"मंग चार हजार ब्याऐंशीवर का आणलं?" रायभाननं विचारलं.

दिनकररावांनी चष्मा काढला. "विमा कंपनीचं मरणाचं कोष्टक सांगतं, तुमच्या वयाच्या आठांतले सातच अठ्ठावन्नला पोचतात. म्हणून त्याचे सात-अष्टमांश."

बसलेले बरोबर आठ होते.

"कोन रं त्यो?" येडबा हसला. "हात वर कर, च्या पाजतो."

कुणीच हात वर केला नाही.

"मधीच मेला तर बायकोला काय?" रायभाननं विचारलं.

"काही नाही. त्याचं उरलेल्यांना जातं. त्या भरवशावरच शंभर बसतात."

रायभानला शेत नव्हतं. बारा मेंढरं होती आणि उजवा खांदा कामातून चालला होता. रोकड घरात टिकणार नाही, हे त्याला माहीत होतं. त्यानं पेन्शनीसाठी थांबायच्या कागदावर अंगठा दिला. ते बघून येडबानं दिला. मग बाकीच्यांनी.

घरी रायभाननं कोनाड्यात आठ खडे मांडले.

"हे काय मांडायलाव?" कासाबाईनं विचारलं.

"मान्सं हायेत. हात लावू नको."

वर्षं गेली. रायभान मेंढरं राखी आणि बाजाराच्या दिवशी सात जणांची खबर घेई. सगळे धड होते. पहिली काही वर्षं त्याला बरं वाटलं. सातवं वर्ष सरलं, तरी खडे आठच. मग त्याला झोप लागेना. सात वर्षांत कुणी गेलं नाही, म्हणजे तो एक आता उरलेल्या वर्षातच जाणार. समोर येडबा खोकला की रायभान त्याच्या छातीकडे बघे. स्वतः खोकला की कोनाड्याकडे.

एकदा तो परभणीला दिनकररावांच्या घरी गेला.

"तसं नसतं, रायभान. मागचं साचत नाही. सात वर्षं काढलेल्याला आता एकाच वर्षाचा धोका. आठाचे आठ पोचतील कदाचित."

"मंग कोष्टक खोटं?"

"कोष्टक हजारोंचं असतं. त्याला तुमची नावं ठाऊक नाहीत."

रायभानला ते पटलं. पिंगळीला उतरेपर्यंत पटलेलं राहिलं.

पेन्शनीला अकरा दिवस उरले होते. सकाळी त्यानं कोनाडा बघितला. खडे सात.

"कासाबाई, खडा कोन काडला?"

"मी कशाला काडू? तुमीच म्हनला ना, मान्सं हायेत."

त्यानं जमीन चाचपली, पोती हलवली. खडा नव्हता. दुपारी येडबाची बायको बानूबाईचा निरोप आला. विहिरीवर पाणी शेंदताना येडबा मटकन खाली बसला, तो उठलाच नाही.

रायभान खांदा द्यायला निघाला. बंडीच्या खिशात हात गेला. आत खडा होता. कधी उचलला ते त्याला काही केल्या आठवेना. गाठ बांधून झाल्यावर जायचा, तसाच हात गेला असणार. पण येडबा दुपारी गेला. खडा सकाळीच नव्हता.

एक तारखेला सात जण विमा कंपनीच्या खिडकीपुढे उभे राहिले. हयातीच्या दाखल्यावर 'जिवंत आहे' लिहिलेल्या ओळीखाली रायभाननं अंगठा दिला आणि शंभर रुपये घेतले. तो थेट बानूबाईकडे गेला. पंचवीस रुपये तिच्यापुढे ठेवले.

"कशाचे, भाऊजी?"

"त्याचेच हायेत. माझ्याकडं आले."

बानूबाईनं पैसे उचलले नाहीत. ती त्याच्या उजव्या हाताकडे बघत राहिली. रायभाननं खाली बघितलं. बोटं मिटली होती, खडा धरल्यासारखी.