जखमेची वही

ड्रेसिंगच्या सिस्टरबाईंना अख्खा वॉर्ड टरकून असे. कोणी चिठोऱ्यावर नुसतं 'जखम ठीक' असं खरडलं की त्या भडकायच्या. "ठीक म्हणजे काय? मोजून सांगा!" शेवटी सगळ्या चिठोऱ्यांवरच्या नोंदी तारखेवार उतरवून त्यांनीच एक वही केली. लांबी-रुंदी, रंग, पू, कुठलं ड्रेसिंग, सगळं त्यात.

शिंपीकाकांच्या पावलाची जखम महिनाभर रेंगाळली होती. मोठ्या डॉक्टरांनी फाइलमधले दोन चिठोरे पाहिले. "चार सेंटिमीटरची सहा झाली. पाऊल कापावं लागेल."

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. सिस्टरबाईंनी वही डॉक्टरांच्या नाकासमोर धरली.

"सहा झाली, त्याच दिवशी तुम्ही मेलेलं काळं मांस काढलंत. मग मोठी दिसणारच! त्यानंतर आपण ड्रेसिंग बदललं. पुढच्या आठवड्यात साडेपाच, मग पाच, आज साडेचार. पू नाही, तळ लालभडक, नवं मांस भरतंय."

"सिस्टर, निर्णय मी घेतो."

"घ्या की. फक्त माझ्या नोंदीखाली लिहा."

डॉक्टरांनी पेन उघडलं. पान वाचलं, पुन्हा वाचलं. मग लिहिलं, 'कापायचं नाही. हेच ड्रेसिंग चालू.' आणि वही पुढे केली.

सिस्टरबाईंनी हात मागेच ठेवले.

"सही राहिली, डॉक्टर."