पट्टीच्या चंदेरी बाजूवर

डिंडोलीत माझं औषधाचं दुकान होतं. गोळी कधी घ्यायची, यासाठी डॉक्टर चिठ्ठीवर तिच्यापुढे इंग्रजी अक्षरांच्या खुणा करत. खान्देशातून आलेल्या गिऱ्हाइकांना मी त्या मराठीत लिहून देत असे.

एकदा शेजारच्या गल्लीतली म्हातारी मावशी सांधेदुखीच्या गोळ्या न्यायला आली. "भाऊ, माले मराठीमा लिखी दे. सूनले किती इचारू?"

ज्यांवर मी लिहून देत असे, ती कागदी पाकिटं मागच्या खोलीत होती. मी उठलो नाही. दहा गोळ्यांच्या पट्टीच्या चंदेरी बाजूवरच पेनाने लिहिलं. वरच्या टोकाला 'जेवणानंतर' आणि खाली 'सकाळी १, रात्री १'.

गोळी दाबून काढली की तिथला कागद फाटतो. मावशीने वरून सुरुवात केली. दोन दिवसांत 'जेवणानंतर' फाटून गेलं. मग खाली उरलेलं तेवढंच वाचून ती सकाळची गोळी उठल्या उठल्या उपाशीपोटी घेऊ लागली. चौथ्या दिवशी तिला रक्ताची उलटी झाली.

तिला दवाखान्यात ठेवून मुलगा पट्टी घेऊन आला. "काका, जेवणानंतर घ्यायची, हे कुठे लिहिलंय?"

"लिहिलं होतं. तुझी आई विसरली असेल."

तो पट्टी घेऊन परत गेला. मला काही वाटलं नाही. मी पुढच्या गिऱ्हाइकाची चिठ्ठी घेतली.

मावशी बरी होऊन घरी आली. मुलाने तिच्या गोळ्या कपाटात कुलपात ठेवल्या. ती सगळ्यांना आपलंच चुकलं म्हणून सांगायची. मी ऐकत असे. दोन वर्षांनी ती गेली.

तिच्या मुला, तुझी आई विसराळू नव्हती. जिथे फाटणार हे मला ठाऊक होतं, तिथेच मी लिहिलं होतं.