बंद इंजिनाची गाडी

पोलादपूरहून वाहतूक पोलीस शाखेचे हवालदार मी शिकवतो त्या शाळेत आले होते. मी खांबाला टेकून उभा होतो. ते मुलांना घाटातल्या एका अपघाताची गोष्ट सांगत होते. पेट्रोल वाचवायला एका माणसाने उतारावर मोटारसायकलचं इंजिन बंद केलं आणि गाडी नुसत्या ब्रेकवर सोडली. पुढच्या वळणावर एक मुलगी चालत घरी निघाली होती. गाडीचा आवाजच नव्हता, म्हणून ती बाजूला झाली नाही. तापलेले ब्रेक लागले नाहीत. मुलगी वाचली, पण परत पायांवर उभी राहिली नाही.

मी उगाच घड्याळ पाहिलं. माणूस किती लांबण लावतो!

"उजव्या कडेने चालायचं! उतारावर गाडी गिअरमध्येच!" हवालदारांनी सांगितलं आणि पोरं बेंबीच्या देठापासून ओरडली. पुन्हा एकदा, आणखी एकदा.

तेवढ्यात माझ्या चौथीतली एक मुलगी उठली. "साहेब, आमच्या सरांची गाडी पन उताराला वाजत नाय."

पोरं हसली. मीही हसलो आणि तिला दटावून खाली बसवलं. हवालदार हसले नाहीत.

संध्याकाळी मी इंजिन चालू ठेवून दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. शाळेखालच्या वळणावर पोरं घरी निघाली होती. रोज ती मला हात करतात. आज गाडीचा आवाज लांबूनच येत होता, तरी मी पुढे निघून जाईपर्यंत सगळी कठड्याला चिकटून उभी राहिली.